मुंजीच्या फोटोखाली काय लिहावं: मुंज कधी न पाहिलेल्या मित्रांसाठी

मुंजीचे फोटो टाकले की मुंबईत ते फक्त नात्यातल्या लोकांपर्यंत जात नाहीत. खालच्या मजल्यावरचं मल्याळी कुटुंब, ऑफिसातले पारशी साहेब, मुलाच्या वर्गातल्या बोहरी मित्राची आई, वांद्र्याची कॅथलिक मैत्रीण, सगळे ते बघतात. फोटोत त्यांना मुंडावळ्या बांधलेला आठ वर्षांचा मुलगा दिसतो, समोर अंतरपाट, हातात अक्षता घेतलेली मंडळी, आणि मागे मंगलाष्टकं म्हणणारे गुरुजी. पहिला प्रश्न ठरलेला असतो: एवढ्याशा मुलाचं लग्न लावताय का? पुढच्या फोटोत त्याच मुलाचं डोकं भादरलेलं, त्याच्या पुढच्या फोटोत तो झोळी घेऊन भिक्षा मागतोय. ज्याने मुंज कधी पाहिली नाही, त्याला या तीन चित्रांची संगती लागत नाही आणि विचारायला संकोच वाटतो. मग तो 'अभिनंदन' लिहून पुढे जातो.

हा लेख अशा फोटोंखालच्या मजकुराबद्दल आहे. त्यात सगळे विधी समजावायला गेलात तर कोणी वाचणार नाही. दिवसभरातले दोनच क्षण निवडा, मातृभोजन आणि भिक्षावळ, आणि त्यांच्यामधून मुंजीचा अर्थ सांगा. हेच दोन का आणि ते कसे लिहायचे, हे पुढे क्रमाने दिलं आहे.

लिहायला बसण्याआधी

आदल्या दिवशी किंवा विधी चालू असतानाच, आपल्या घरी नक्की काय काय होणार किंवा झालं याची नोंद करा. मुंजीचा विधी सगळीकडे एकसारखा नसतो. ऋग्वेदी आणि यजुर्वेदी घरांत क्रम आणि मंत्र बदलतात, कोकणस्थ, देशस्थ, सारस्वत, सीकेपी, दैवज्ञ अशा प्रत्येक समाजाच्या चालीरीती वेगळ्या, आणि मुंबईत हॉलची वेळ संपत आली की काही भाग आटोपशीर होतो. संध्याकाळी वाजतगाजत देवळापर्यंत जाणारी भिक्षावळ आता बऱ्याच वेळा जेवणाआधी हॉलमध्येच उरकते. काही मुलांचे पूर्ण केस काढतात, काहींचा घेरा ठेवतात, तर काहींच्या फक्त चार बटा दर्भासह कापल्यासारख्या करतात. मजकुरात 'डोक्याचे केस काढतात' असं लिहायचं आणि फोटोत मुलाचे केस जागच्या जागी, असं झालं की वाचणारा गोंधळतो.

गुरुजींना तीन गोष्टी विचारून ठेवा: आपली शाखा कोणती, कोणता विधी पूर्ण केला आणि कोणता प्रतीकरूपाने, आणि सोडमुंज, म्हणजे विद्यार्थ्याचा काळ संपवण्याचा विधी, लगेच केली की पुढे ठेवली. आजीला मात्र आपल्या घरची म्हणून खास रीत कोणती ते विचारा. ते गुरुजींना माहीत नसतं.

अजिनाबद्दल एक सूचना. जुन्या ग्रंथांत बटूला मृगाजिन, म्हणजे हरणाचं कातडं, पांघरायला सांगितलं आहे. आज बहुतेक घरी त्याऐवजी कापड किंवा नुसती प्रतीकात्मक पट्टी असते. मग मजकुरात 'हरणाचं कातडं बांधलं' लिहू नका. एक तर ते खरं नसतं, दुसरं म्हणजे काळवीट 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित प्राणी आहे, आणि वाचणाऱ्याच्या मनात भलतीच शंका उभी राहते.

मातृभोजन आणि भिक्षावळ ही जोडी का

मुंज हा शिक्षण सुरू होण्याचा संस्कार आहे. 'उपनयन' म्हणजे मुलाला गुरूजवळ नेणं. पूर्वी मुलगा घर सोडून गुरूकडे राहायला जाई, तिथेच शिके, आणि रोजचं अन्न गावातून मागून आणी. ही सगळी कल्पना सकाळच्या आणि दुपारच्या या दोन प्रसंगांत डोळ्यांनी दिसते. म्हणूनच अनोळखी माणसाला ती शब्दांत फारशी समजवावी लागत नाही.

मातृभोजनाला आई आणि मुलगा एका पंक्तीत, बहुतेक वेळा एकाच ताटात जेवतात आणि आई त्याला भरवते. शेजारी अष्टवर्ग, म्हणजे मुंज झालेली पण लग्न न झालेली आठ मुलं बसवलेली असतात. मुंबईत आठ मुलं जमवणं अवघड जातं, त्यामुळे चार-पाचच दिसली तरी चालतं, पण मग मजकुरात 'आठ' लिहू नका. हे लहानपणाचं जेवण. यानंतर तो विद्यार्थी होणार आणि विद्यार्थ्याचे नियम पाळणार. बहुतेक घरी केस या जेवणानंतर काढतात, म्हणून सकाळच्या फोटोत मुलाचे केस असतात आणि दुपारच्या फोटोत नसतात. दोन फोटो शेजारी ठेवले की हा बदल आपोआप नजरेत भरतो.

मग स्नान, मुहूर्त, मंगलाष्टकं. अंतरपाट इथे वडील आणि मुलगा यांच्यामध्ये धरलेला असतो. तो दूर होतो तेव्हा वडील मुलाला गुरूच्या जागी भेटतात. पुढे लंगोटी, कमरेला मेखला, म्हणजे मुंज गवताच्या दोरीचे तीन वेढे (संस्काराला 'मुंज' हे नाव याच गवतावरून पडलं), खांद्यावर जानवं, हातात पळसाचा दंड. त्यानंतर गायत्रीचा उपदेश. आणि शेवटी भिक्षावळ.

भिक्षावळीत बटू म्हणतो, 'ॐ भवति भिक्षां देहि.' म्हणजे 'बाईसाहेब, भिक्षा वाढा', इतकं साधं आणि अदबीचं वाक्य. पहिली भिक्षा आईकडे. याचं कारण फार सुंदर आहे आणि ते बहुतेक मजकुरांत राहून जातं. आश्वलायन गृह्यसूत्रात सांगितलं आहे की पहिल्यांदा अशा माणसाकडे मागावं जो नाही म्हणणार नाही. मनुस्मृती तर नावंच देते: आई, बहीण किंवा मावशी. आयुष्यात पहिल्यांदा हात पसरणाऱ्या मुलाला नकार मिळू नये, याची काळजी त्या नियमात घेतलेली आहे. मिळालेली भिक्षा स्वतः खायची नसते, आधी गुरूला द्यायची असते. म्हणजे सकाळी ज्या आईने भरवलं, दुपारी तिच्यासमोरच तो झोळी धरतो, आणि तिने घातलेले तांदूळ, लाडू, सुपारी त्याच्या गुरूकडे जातात. परक्या माणसाला मुंज एवढ्यात समजते.

जिथे मजकूर हमखास बिघडतो

सगळ्यात आधी 'शेवटचा'. घरात आपण सहज म्हणतो, 'आईच्या हातचा शेवटचा घास'. मुंज माहीत असलेल्याला त्यातला जिव्हाळा कळतो. माहीत नसलेल्याला ते वाक्य अशुभ वाटतं, किंवा मुलाला आईपासून तोडताहेत असं वाटतं. 'लहान मूल म्हणून आईच्या ताटातलं जेवण' असं लिहा. भिक्षावळीत आई पुन्हा येतेच, तेव्हा ताटातूट झाल्याची भावना आपोआप निवळते.

दुसरी गडबड 'मोठा झाला', 'वयात आला' या शब्दांनी होते. मुंजीचं परंपरेनं सांगितलेलं वय आठवं वर्ष, तेही गर्भापासून मोजून, म्हणून प्रत्यक्षात सात वर्षांच्या मुलाचीही मुंज होते. हे वय तारुण्याचं नाही, पाटी-पुस्तकाचं आहे. मुंबईत शाळेच्या सुट्टीप्रमाणे मे महिन्यात, सात ते दहा-अकराच्या दरम्यान, सोयीने मुंज होते. 'शिकायला सुरुवात' हे शब्द खरे आहेत, 'मोठा झाला' हे खरे नाहीत.

तिसरी गोष्ट नाजूक आहे आणि ती टाळून चालणार नाही. 'द्विज झाला', 'आता खरा ब्राह्मण झाला', 'पवित्र झाला' हे शब्द फोटोखाली नकोत. हा संस्कार शतकानुशतकं काही जातींच्या मुलांपुरता राखला गेला, बाकीच्यांना वेदमंत्रांचा अधिकार नाकारला गेला. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळातला वेदोक्त वाद त्यातूनच उभा राहिला. ज्या मित्राच्या आजोबांना ती दारं बंद होती, तोही तुमचा फोटो बघतो. 'पवित्र झाला' वाचल्यावर, मग आधी तो अपवित्र होता का आणि आम्ही अजून आहोत का, हे त्याच्या मनात येणारच. त्याच कारणाने 'हिंदूंमध्ये मुलांची मुंज होते' हेही लिहू नका. बहुसंख्य हिंदू घरांत ती होत नाही. 'आमच्या घरची रीत' हे तीन शब्द खरे आहेत आणि कुणाला दुखवत नाहीत. मुलीची मुंज केली असेल तर तेही साधेपणाने सांगा. पुण्याची ज्ञानप्रबोधिनी मुलींचंही उपनयन करते आणि इतरत्रही हे होतं, त्यामुळे स्पष्टीकरणाचा मोठा परिच्छेद लागत नाही.

चौथी चूक 'गुप्त मंत्र'. वडील आणि मुलगा वस्त्राखाली जातात आणि वडील कानात गायत्री सांगतात, हा फोटो सगळ्यांना आवडतो. पण गायत्री गुप्त नाही. ती ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलात आहे, विश्वामित्र ऋषींची, सविता म्हणजे सूर्यदेवतेला उद्देशून. तिचा अर्थ एका वाक्यात बसतो: 'त्या सविता देवाच्या श्रेष्ठ तेजाचं आम्ही ध्यान करतो, तो आमच्या बुद्धीला प्रेरणा देवो.' सांगण्याची पद्धतही एखाद्या शिक्षकासारखी आहे. आधी एकेक चरण, मग अर्धी ऋचा, मग पूर्ण. मजकुरात 'वडिलांनी कानात पहिला धडा दिला' असं लिहिलं तर ते बरोबरही आहे आणि समजतंही. काही घरांत मंत्राचे शब्द असे फोटोखाली छापलेले ज्येष्ठांना आवडत नाहीत. अर्थ दिला तर मित्रांचंही काम होतं आणि आजोबांचंही मन राहतं.

पाचवी गोष्ट, सोडमुंजीतली मामाची थट्टा. बटू काशीला निघतो आणि मामा 'परत ये, तुला माझी मुलगी देतो' म्हणून अडवतो, यावर घरात हशा पिकतो. लिहून सांगितलं की परक्याला तो बालविवाहाचा करार वाटतो. हा भाग मजकुराबाहेर ठेवा. ज्यांना समोरासमोर सांगता येईल त्यांना सांगा.

जानव्याचा फोटो निवडताना

जानवं डाव्या खांद्यावरून उजव्या हाताखाली जातं. याला सव्य म्हणतात. उजव्या खांद्यावरून घेतलं की ते अपसव्य, आणि तसं फक्त श्राद्ध-तर्पणासारख्या पितृकार्यात घेतात. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेली सेल्फी अनेकदा आरशासारखी उलटी साठवली जाते. त्यात बरोबर घातलेलं जानवंही उजव्या खांद्यावर दिसतं. मुंज न पाहिलेल्या मित्राला काही कळणार नाही, पण नात्यातला पहिला फोन याच गोष्टीसाठी येतो. फोटो उलटा आहे की नाही हे मागच्या फलकावरची अक्षरं किंवा कुर्त्याची बटणपट्टी पाहून कळतं. फोटो संपादनात आडवं उलटवण्याची सोय असते, तिने तो सरळ करा. मूळ फोटोतच जानवं उलट्या बाजूला असेल तर तो फोटो वापरू नका.

मजकुरात जानव्याबद्दल किती सांगावं? दोन वाक्यं पुरतात. तीन पदरांचं, प्रत्येक पदरात तीन तंतू, म्हणजे एकूण नऊ, आणि एक ब्रह्मगाठ. तीन पदरांचा अर्थ बरेच जण देवांचं, ऋषींचं आणि पितरांचं ऋण असा सांगतात. तो अनोळखी वाचकाला चटकन भिडतो, म्हणून तोच घ्या. दर श्रावणात ते बदलतात आणि तुटलं तर नवीन घालतात, हे उत्तर प्रतिक्रियांसाठी हाताशी ठेवा, कारण 'आता हे कधीच काढायचं नाही का?' हा प्रश्न येतोच.

एक आग्रहाची गोष्ट. लंगोटीतले फोटो सार्वजनिक करू नका. घरच्या अल्बममध्ये ते हवेतच, पण उघड्या अंगाच्या मुलाचा फोटो अनोळखी लोकांपर्यंत जाण्याचं कारण नाही. जानवं दाखवायचं असेल तर खांदा आणि गाठ दिसेल इतकाच जवळून घेतलेला फोटो पुरतो. मुलाचं पूर्ण नाव, शाळा आणि जन्मतारीख एकत्र येऊ देऊ नका. भादरलेल्या डोक्याचा फोटो टाकण्याआधी मुलाला दाखवा. सोमवारी वर्गात त्यालाच जायचं असतं, तो नको म्हणाला तर भिक्षावळीचा टोपी घातलेला फोटो घ्या.

दुसऱ्या धर्मातल्या संस्काराशी तुलना

मुंबईत ही सोय आहे की समोरच्याच्या घरी बहुधा काहीतरी जवळचं असतं. पारशी मित्राला नवजोत सांगितली की तो लगेच मान डोलावतो: सुद्रेह म्हणजे पवित्र सदरा आणि कुस्ती म्हणजे कमरेची दोरी घालून मूल धर्मात येतं, आणि कुस्तीचेही कमरेला तीन वेढे असतात. बेने इस्रायली ज्यू शेजाऱ्याला बार मिट्झवा आठवेल, कॅथलिक मैत्रिणीला पहिलं कम्युनियन.

तुलना जिथे तुटते तेही त्याच दमात सांगा, नाहीतर ती दिशाभूल करते. नवजोत मुलगा-मुलगी दोघांची होते आणि तिच्याने धर्मप्रवेश होतो. मुंजीने मूल हिंदू होत नाही, ते आधीपासून असतंच. बार मिट्झवा तेराव्या वर्षी असतो आणि त्यानंतर मुलगा धर्माच्या आज्ञांना स्वतः जबाबदार ठरतो. मुंज त्या जबाबदारीच्या तयारीची सुरुवात आहे. मुख्य मजकुरात तुलना करू नये असं आमचं मत आहे, कारण तो सगळ्यांसाठी असतो. ज्याला सांगायचं त्याला त्याच्या प्रश्नाखाली उत्तरात सांगा. दाक्षिणात्य, गुजराती किंवा उत्तर भारतीय मित्राला तर पूणल, जनोई किंवा जनेऊ एवढा एकच शब्द पुरतो.

मांडणी आणि लांबी

इन्स्टाग्रामवर मजकुराची मर्यादा 2,200 वर्णांची आहे, पण स्क्रोल करताना साधारण पहिले 125 दिसतात आणि बाकीचे 'आणखी' या शब्दामागे जातात. देवनागरीत ही जागा लवकर संपते, कारण काना, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. 'मुंज' बोलताना दोन अक्षरांचा, पण मोजणीत चार वर्णांचा. 'ब्रह्मगाठ' चार अक्षरांचा, मोजणीत नऊ वर्णांचा. म्हणून 'आमच्या घरी आज मंगलप्रसंगी श्री गजानन कृपेने' अशा सुरुवातीत बरीच जागा जाते आणि मुख्य गोष्ट कुणी वाचत नाही. पहिल्या वाक्यात लग्नाचा गैरसमज दूर करा, दुसऱ्यात आई आणा.

फोटो पाच-सहा पुरेत. क्रम असा ठेवा: भिक्षावळीत आई झोळीत घालतेय तो पहिला, कारण तोच थांबवतो, मग मातृभोजन, मग अंतरपाट, मग वस्त्राखालचा गायत्री उपदेश, मग जानव्याचा जवळून घेतलेला, शेवटी घरच्यांचा एकत्र. विधीचा कालक्रम मोडला तरी मजकूर तो क्रम लावून देतो.

आता एक उदाहरण. समजा मुलाचं नाव अर्णव, वय आठ, मुंज पार्ल्यातल्या एका हॉलमध्ये, केस पूर्ण काढले, भिक्षावळ दुपारी तिथेच झाली. पहिला खर्डा बहुधा असा होतो:

'श्री कृपेने आज आमचा अर्णव द्विज झाला! मातृभोजन, चौल, मेखलाबंधन, गायत्री उपदेश, भिक्षावळ असे सर्व विधी यथासांग पार पडले. आईच्या हातचा शेवटचा घास खाऊन बाळ मोठा झाला. सर्वांचे आशीर्वाद असावेत.'

यात विधींची पाच नावं आहेत आणि एकाचाही अर्थ नाही. 'द्विज' आणि 'शेवटचा घास' हे दोन्ही अडथळे आहेत. 'मोठा झाला' चुकीचं आहे. मित्राने विचारले असते त्या तीन प्रश्नांपैकी, लग्न आहे का, केस का काढले, भीक का मागतोय, एकालाही उत्तर नाही. आता हे बघा:

'हे लग्न नाही, अर्णवची मुंज आहे. सकाळी आईने ताटातलं भरवलं. दुपारी तो तिच्यापुढेच झोळी घेऊन उभा राहिला.

मुंज ही आमच्या घरची रीत आहे, मुलाचं शिकणं सुरू करण्याची. जुन्या काळी मुलगा गुरूकडे राहायला जाई आणि रोजचं अन्न मागून आणी. म्हणून सकाळी लहान मूल म्हणून आईच्या ताटात जेवण, मग विद्यार्थी म्हणून साध्या राहणीची खूण, केस काढणं. पडदा दूर झाल्यावर समोर बाबा होते, आज गुरूच्या जागी. त्यांनी कानात पहिला धडा दिला, सूर्याची प्रार्थना: आमच्या बुद्धीला प्रेरणा दे.

खांद्यावरचं जानवं तीन पदरांचं आहे. आपण देवांचं, ऋषींचं आणि पूर्वजांचं देणं लागतो याची ती आठवण.

आणि भिक्षा पहिल्यांदा आईकडे, कारण पहिल्यांदा मागताना नाही म्हणणार नाही अशा माणसाकडेच जायचं असतं. झोळीत मिळालं ते त्याचं नाही, गुरूचं. काही विचारायचं असेल तर जरूर विचारा, अर्णवलाही उत्तरं देता येतात.'

मोजलं तर हे सव्वाशे शब्दांच्या आसपास आहे आणि मर्यादेच्या बरंच आत बसतं. यात विधीचं एकच नाव आलं, मुंज. मेखला, दंड, अजिन, अष्टवर्ग, होम सगळं बाहेर राहिलं, त्याने काही अडत नाही. 'पडदा' हा शब्द मुद्दाम आहे. अंतरपाट हा शब्द आपल्याला प्रिय, पण इथे वाचक वेगळा आहे. शेवटचं वाक्य तेव्हाच लिहा जेव्हा मुलाला खरंच चार गोष्टी समजावल्या असतील. नाहीतर पाहुणे त्याला प्रश्न विचारतात आणि तो गप्प उभा राहतो.

सोसायटीच्या ग्रुपवर इतकंही वाचलं जात नाही, आणि तिथली भाषा बहुधा हिंदी असते. तिथे तीन वाक्यं: 'आज अर्णव का मुंज, यानी उपनयन संस्कार हुआ. यह पढ़ाई की शुरुआत का संस्कार है. इसमें बच्चा पहली भिक्षा अपनी माँ से माँगता है, क्योंकि वह कभी मना नहीं करती.' खाली प्रसादाचे लाडू कुणाच्या घरी, किती वाजता मिळतील तेही लिहा.

दृष्टिहीन मित्रांसाठी फोटोचं वर्णन लिहिण्याची सोय असते, ती बहुतेक जण रिकामी सोडतात. तिथे अर्थ सांगायचा नसतो, दिसतं ते सांगायचं: 'डोकं भादरलेला, टोपी आणि हार घातलेला मुलगा कापडी झोळी पुढे धरून उभा, नऊवारी नेसलेली आई ओंजळीने त्यात तांदूळ घालते आहे.'

प्रश्न आल्यावर

पहिल्या दोन तासांत उत्तरं द्या, कारण पहिलं उत्तर वाचूनच बाकीचे विचारायचं की नाही ते ठरवतात. 'आता तो गुरुकुलात जाणार का?' याचं उत्तर: नाही, शाळा तीच. विद्यार्थ्याचा तो काळ संपवण्याचा विधीही असतो, सोडमुंज, आणि ती आता काही दिवसांत किंवा थेट लग्नाआधी करतात. तेव्हा मेखला आणि दंड सुटतात, जानवं राहतं. 'मुलींची का नाही?' या प्रश्नाला 'परंपरा आहे' एवढंच म्हणून हात झटकू नका. काही घरं आता करतात, आमच्याकडे केली किंवा अजून केलेली नाही, असं जे असेल ते सरळ लिहा. जातीबद्दल कुणी बोचरं विचारलं, तर तो इतिहास खरा आहे हे मान्य करून एक-दोन वाक्यांत उत्तर द्या आणि पुढचं बोलणं फोनवर न्या. मुलाच्या फोटोखाली लांब वाद वाढू देऊ नका, कारण दहा वर्षांनी तो मजकूर तोच वाचणार असतो.

गुरुजी, आजी किंवा काकांनी एखादी चूक दाखवली तर मजकूर तिथेच दुरुस्त करा. फोटो काढून पुन्हा टाकायची गरज नसते, आणि पुन्हा टाकला तर आलेले सगळे प्रश्न आणि उत्तरं पुसली जातात.